सरासरी खाली आली, पैसे कुठे गेले?

आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाजार पडला की एक ठरलेला संदेश फिरतो. ‘घाबरू नका, बाजार पडला म्हणजे एसआयपीवाल्यांची चांदी. त्याच हप्त्यात जास्त युनिट मिळतील, तुमची सरासरी खाली येईल.’ खाली अंगठे आणि हात जोडलेले. संदेश पाठवणारा बहुतेक वेळा आपलाच कुणीतरी असतो, शाळा सुटल्यावर फंडांची एजन्सी करणारा. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्याच्या गणिताबद्दल आहे.

या संदेशासोबत एक तक्ता असतो, तो मी आधी मांडतो. दरमहा २ हजार रुपये गुंतवायचे. पहिल्या महिन्यात युनिटचा भाव १०० रुपये, म्हणजे २० युनिट मिळाले. दुसऱ्या महिन्यात भाव ८०, मिळाले २५. तिसऱ्या महिन्यात भाव ५०, मिळाले ४०. चौथ्या महिन्यात भाव पुन्हा ८०, पाचव्यात पुन्हा १००. एकूण १३० युनिट झाले, खर्च १० हजार, सरासरी खरेदी सुमारे ७७ रुपयांना. भाव शंभरावर परत आल्यामुळे हातात १३ हजार. भाव जिथून निघाला तिथेच परतला, तरी ३ हजारांचा फायदा! तक्ता खरा आहे, त्यात कुठेही लबाडी नाही. हप्ता ठरलेला असल्यामुळे स्वस्त महिन्यात आपोआप जास्त माल येतो आणि महाग महिन्यात कमी. म्हणून आपली सरासरी भावांच्या साध्या सरासरीपेक्षा कमी राहते. एवढे काम ही पद्धत चोख करते.

आता त्याच तक्त्यातले पहिले तीन महिने तसेच ठेवा आणि शेवटचे दोन बदला. चौथ्या महिन्यात भाव ८० नाही, ४०. पाचव्यात १०० नाही, २५. युनिट किती झाले? २०, २५, ४०, ५० आणि ८०, म्हणजे २१५. सरासरी खरेदी साडेशेचाळीस रुपयांना पडली. पहिल्या तक्त्यापेक्षा ही सरासरी कितीतरी खाली आहे. ग्रुपवरच्या संदेशाप्रमाणे आता पेढेच वाटायला हवेत. पण २१५ युनिटना २५ने गुणा. हातात ५,३७५ रुपये आहेत. १० हजारांतले जवळपास निम्मे गेले.

माझा सगळा वाद या दोन तक्त्यांमधल्या फरकाशी आहे. सरासरी कमी होणे आणि फायदा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाव सतत घसरत असेल तर तुमची सरासरी प्रत्येक महिन्याला खाली येते, पण आजच्या भावाच्या नेहमी वरच राहते. राहणारच, कारण मागची प्रत्येक खरेदी आजच्यापेक्षा महाग झालेली आहे. उर्दूत सरासरीला औसत म्हणतात, तो शब्द ‘मध्य’ या अर्थाच्या अरबी धातूतून आलेला आहे. उतरत्या जिन्यावर सर्वांत खालच्या पायरीवर उभे असलेल्या माणसाला मध्य कायम डोक्याच्या वरच दिसणार.

इतके मान्य करायला हवे की ज्याने पहिल्याच महिन्यात १० हजार एकरकमी टाकले, त्याचे या दुसऱ्या तक्त्यात फक्त अडीच हजार उरले असते. हप्त्यावाल्याचे ५,३७५ उरले. मार कमी बसला, ही हप्त्याची खरी कमाई. पण ‘मार कमी बसेल’ हे सांगणे वेगळे आणि ‘पडझड तुमच्या फायद्याची’ हे सांगणे वेगळे. पहिले वाक्य कुणी छापत नाही.

भाव परत वर येईलच, हे गृहीत धरल्याशिवाय पहिला तक्ता उभाच राहत नाही. एकाच कंपनीच्या शेअरबाबत हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. आता ब्रोकरांच्या ॲपवर एकेका शेअरचीही एसआयपी लावता येते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. येस बँकेचे उदाहरण सगळ्यांसमोर घडलेले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिचा शेअर ४०० रुपयांच्या आसपास होता. तिथून तो घसरत गेला आणि घसरत असताना छोट्या भागधारकांची संख्या वाढत गेली. ४००चा माल २००ला, २००चा १००ला, प्रत्येक पायरीवर लोक सरासरी खाली आणत होते. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने बँकेवर निर्बंध लावले. दुसऱ्या दिवशी शेअर काही वेळ सहा रुपयांच्याही खाली गेला होता. पुनर्रचनेत आणखी एक अट आली: ज्यांच्याकडे १०० पेक्षा जास्त शेअर होते, त्यांचे पाऊण शेअर तीन वर्षे अडकून राहिले. सरासरी खाली आणण्यासाठी ज्याने भरभरून शेअर गोळा केले, त्यालाच विकायची मुभा कमी मिळाली. जुने भाव त्यानंतर कित्येक वर्षे दिसले नाहीत.

हे आधी कळण्यासारखे होते का? भाव पाहून नाही. भाव फक्त ‘स्वस्त’ एवढेच सांगतो. पण भावाबाहेर खुणा होत्या. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत २०१६-१७ या वर्षाची थकीत कर्जे बँकेने दाखवली त्यापेक्षा ६ हजार कोटींहून जास्त निघाली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये बँकेच्या प्रमुखाला पुरती मुदतवाढ नाकारली गेली. २०१९ च्या सुरुवातीच्या तिमाहीत बँकेने दीड हजार कोटींचा तोटा जाहीर केला. या सगळ्या बातम्या वर्तमानपत्रात छापून आलेल्या होत्या. बाजारभर सगळेच पडत असेल तर ती एक गोष्ट. आजूबाजूचे शेअर उभे असताना आपलाच एक घसरतोय, तर हप्ता थांबवून कारण शोधले पाहिजे. ‘माझ्याकडे हा शेअर नसता, तर आज नव्याने घेतला असता का?’ या प्रश्नाचे उत्तर नाही असेल, तर सरासरीसाठी घेणेही चूकच.

यावर एजंटमित्राचे उत्तर तयार असते. म्हणूनच एक शेअर नको, पूर्ण निर्देशांक घ्या. कंपनी बुडते, देश बुडत नाही. हे बऱ्याच अंशी बरोबर आहे. आपला सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर जाऊन त्याच ऑक्टोबरमध्ये ८ हजारांच्या खाली उतरला होता आणि २०१० च्या दिवाळीला परत २१ हजारांवर होता. ज्यांनी मधले हप्ते चालू ठेवले, त्यांचे भले झाले. पण परत येण्याला मुदत किती लागेल, हे कोण लिहून देणार? जपान काही बुडालेला देश नाही. तिथला निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९०० च्या वर होता. मार्च २००९ मध्ये तो ७,०५५ च्या आसपास होता, त्याआधीच्या पंचवीसेक वर्षांतला नीचांक. याचा हप्त्यावाल्यासाठी अर्थ काय? १९९० पासून एकोणीस वर्षे, एकही महिना न चुकवता ज्याने घेतले, त्याची प्रत्येक खरेदी त्या दिवसाच्या भावापेक्षा महाग होती. लाभांश सोडला तर एकही हप्ता नफ्यात नव्हता. जुना उच्चांक निक्केईने ओलांडला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. सब्र करणाऱ्याला फळ मिळाले खरे, पण २००९ मध्ये निवृत्त झालेल्या माणसाला पंधरा वर्षे सब्र करायला सांगणार कोण?

आम्हा शिक्षकांना हा प्रश्न टाळता येत नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही, आणि विनाअनुदानित शाळांत तर पगार वेळेवर होईल याचीच खात्री नसते. म्हणून हे हप्ते आमच्यासाठी हौस नाहीत, म्हातारपणाची भाकरी आहे. आणि आमची तारीख ठरलेली आहे. अठ्ठावन्न पूर्ण झाले की त्या महिन्याअखेर घरी. बाजार तेव्हा कुठे असेल, हे सेवापुस्तकात लिहिलेले नसते.

इथे हप्त्याची सर्वांत मोठी मर्यादा येते आणि तिच्याबद्दल मी ग्रुपवर एक ओळही वाचलेली नाही. समजा दरमहा ५ हजारांचा हप्ता आहे. सुरू करून दहा महिने झाले, ५० हजार जमले आणि बाजार ४० टक्के पडला. वीस हजारांचा खड्डा. पण पुढच्या वर्षभरात ६० हजार स्वस्तात जाणार आहेत, आजवरच्या सगळ्या जमेपेक्षा जास्त. इथे सरासरी खरोखर काम करते. आता तोच माणूस पंधरा वर्षांनी पाहा. ९ लाख भरले आणि वर्षाला १२ टक्के धरले तर साधारण २५ लाख झाले. तशीच ४० टक्क्यांची पडझड आली. खड्डा १० लाखांचा. पुढच्या वर्षभराचे हप्ते तेच ६० हजार. त्यांचे दुप्पट झाले तरी ६० हजारच मिळतील. १० लाखांच्या खड्ड्यात ती एक पाटी माती. हप्ता तोच राहिला, जमा रक्कम मात्र मोठी झाली, त्यामुळे उतारवयात हप्त्याचा माणूस प्रत्यक्षात एकरकमीवाला बनलेला असतो. त्याला कुणी सांगितलेले नसते इतकेच.

यावरचा रूढ उपाय असा की पैसे लागण्याच्या पाच-सात वर्षे आधीपासून दरवर्षी थोडी रक्कम शेअरमधून काढून मुदत ठेवीत किंवा रोखे फंडात हलवायची. उपाय योग्य आहे. पण आमच्या कित्येक घरांत व्याज घेत नाहीत, त्यामुळे ठेव नाही आणि रोखेही नाहीत. त्यांना ‘शरियतला चालणारा फंड’ सुचवला जातो. तो कोणत्या धंद्यात पैसा आहे आणि कंपनीवर कर्ज किती आहे हे चाळतो. शेअरचा भाव जास्त आहे की कमी, हे तो चाळत नाही, आणि बाजार पडला की तोही पडतो. अशा घरांना उशी नाही, म्हणून त्यांनी काढून घेण्याची सुरुवात इतरांपेक्षा लवकर करायला हवी. बावन्न-त्रेपन्नपासून दरवर्षी ठरावीक हिस्सा विकायचा, भाव चांगला असो वा नसो, जसा हप्ता भरताना भाव पाहिला नव्हता तसाच. आलेल्या पैशातून घराचे उरलेले देणे फेडावे, थोडे सोने घ्यावे, पहिल्या दोन वर्षांच्या खर्चाइतकी रक्कम चालू खात्यात पडू द्यावी. सोनेही पडते आणि चालू खात्यातली रक्कम महागाई कुरतडते, हे नुकसान धरूनच चालायचे. पण ते दरवर्षी थोडे-थोडे असते आणि आधी मोजता येते. अठ्ठावन्नाव्या वर्षी एका सहामाहीत निम्मी रक्कम जाण्याशी त्याची तुलना करा, आणि मगच पुढच्या वेळी ग्रुपवर अंगठा द्या.