डॉलरचे बिल आणि परकी भाषा

आमच्या कापड धंद्यात नक्षी काढणारा कारागीर पूर्वी ग्राफ कागदावर चौकटी भरीत असे. आज तेच काम संगणकावर होते आणि गिऱ्हाईकही भिवंडी-मालेगावपुरते राहिलेले नाही. अमेरिकेतील एखादा गिऱ्हाईक तेथील एखाद्या साइटवरून आपल्या मुलाला काम देतो आणि पैसे त्याच साइटच्या खात्यात जमा होतात. इथवर सारे सुरळीत असते. अडते ते पैसे बँकेत आणताना, कारण तेथील सारे रकाने इंग्रजीत असतात आणि आपली मुले उर्दू किंवा मराठी शाळेत शिकलेली असतात. मग सायबर कॅफेवाल्याला वीस-पन्नास रुपये देऊन फॉर्म भरून घेतला जातो. आमचे स्पष्ट मत आहे की ही पद्धत बंद झाली पाहिजे. तो फॉर्म म्हणजे रेल्वेच्या आरक्षणाची चिठ्ठी नव्हे. त्याच्या शेवटी खोटे लिहिल्यास शिक्षा मान्य असल्याची सही असते, आणि ती सही कॅफेवाल्याची नसून आपल्या मुलाची असते.

या फॉर्मचे नाव W-8BEN. अमेरिकेबाहेरचा माणूस तेथून पैसे घेतो तेव्हा 'मी अमेरिकन नाही, अमुक देशाचा आहे' असे तो यात लिहून देतो. फॉर्म उघडण्याआधीच पडद्यावर एक प्रश्न येतो, U.S. person आहात काय? गिऱ्हाईक अमेरिकन, डॉलर अमेरिकन, म्हणून काही जण भोळेपणाने 'होय' करतात. प्रश्न मात्र गिऱ्हाइकाचा नसून तुमचा आहे. 'होय' म्हटले की W-9 हा अमेरिकनांसाठीचा फॉर्म उघडतो आणि तेथील सोशल सिक्युरिटी नंबर मागतो. तो आपल्याकडे असणार कोठून? ज्याला हा नंबर मागितला जाईल त्याने समजावे की आधीचे उत्तर चुकले आहे.

भाषेची दुसरी ठेच withdrawal आणि withholding या दोन शब्दांची. दिसायला ते सख्खे भाऊ वाटतात. पहिल्याचा अर्थ आपले पैसे काढून घेणे, दुसऱ्याचा अर्थ पैसे देणाऱ्याने त्यातून कर कापून ठेवणे. तसेच beneficial owner. मोबाइल त्याचे भाषांतर 'लाभार्थी मालक' असे करून दाखवतो आणि वाचणाऱ्याला सरकारी योजनेची आठवण होते. येथे अर्थ साधा आहे: ज्याची ती कमाई खरोखर आहे तो माणूस. काम धाकट्याने केले आणि फॉर्म वडील भावाच्या नावाने भरला, तर ते लिहिणे खरे ठरत नाही.

कर किती कापला जातो, हे बिलात काय लिहिले आहे यावर अवलंबून असते. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून ती सविस्तर मांडतो. समजा, मालेगावच्या एका मुलाने गिऱ्हाइकाच्या मागणीवरून घरी बसून साडीच्या काठाची नक्षी काढून दिली आणि ३०० डॉलरचे बिल केले. ही मजुरी झाली. काम हिंदुस्थानात झाले, म्हणून अमेरिकेच्या कायद्याने ही कमाई अमेरिकेतली मानली जात नाही आणि तेथील ३० टक्क्यांची कपात तिला लागत नाही. साइटने समजा १० टक्के दलाली घेतली, तर त्याला २७० डॉलर मिळतील. आपल्या वहीत मात्र जमेला ३०० आणि खर्चाला ३० लिहावे, बँकेत आले तेवढेच २७० जमेला लिहू नयेत.

आता तोच मुलगा तयार नक्षी एखाद्या अमेरिकन साइटवर ठेवतो, आणि तेथील लोक ती वापरण्याचा हक्क विकत घेतात. ही मजुरी नव्हे, रॉयल्टी झाली. हक्क अमेरिकेत वापरला जातो, म्हणून ही कमाई तेथली ठरते. अशा १०० डॉलरवर एरवी ३० डॉलर कापले जातात. परंतु भारत आणि अमेरिका यांच्यातील कर-कराराच्या १२ व्या कलमात अशा रॉयल्टीवर १५ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे कपात १५ डॉलर. ही सवलत आपोआप मिळत नाही. फॉर्मच्या दुसऱ्या भागात ती मागावी लागते आणि पहिल्या भागात आपला पॅन Foreign tax identifying number या रकान्यात द्यावा लागतो. तो दुसरा भाग 'आपल्या कामाचा नाही' म्हणून कोरा सोडला जातो आणि निम्मी कपात फुकट जाते. रॉयल्टीतून जो कर कापला जातो त्याचा 1042-S नावाचा दाखला पुढील वर्षी मिळतो. तो जपून ठेवावा, कारण आपल्याकडचे विवरणपत्र भरताना त्या कराची वजावट मागता येते.

पत्ता आणि तारीख यांतही एकेक खाच आहे. पत्त्याच्या रकान्यात पोस्ट बॉक्स किंवा दुसऱ्याच्या मार्फतचा पत्ता चालत नाही. आधार कार्डावर वडिलांच्या नावाआधी बहुधा C/O छापलेले असते. ते तसेच उतरवले की पत्ता 'मार्फत'चा दिसतो. घराचा सरळ पत्ता लिहावा. जन्मतारखेत अमेरिकन लोक महिना आधी लिहितात. ४ जुलैला जन्मलेल्याने सवयीने ०४-०७ लिहिले तर तो ७ एप्रिलचा होतो आणि पॅनशी मेळ बसत नाही. १२ च्या पुढची तारीख असेल तर संगणक स्वतःच अडवतो. अडचण त्याच्या आतल्या तारखांची.

मात्र आपल्या लोकांचे सर्वांत जास्त पैसे अडकतात ते नावावर. उर्दूत मोहम्मद एकाच रीतीने लिहितात: मीम, हे, मीम, दाल. इंग्रजीत त्याचे Mohammed, Mohammad, Mohd आणि Md असे चार अवतार होतात. शेखचेही तेच, Shaikh आणि Sheikh. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, बँकेत नुसते Mohd. Account holder name हा रकाना बँकेच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळला नाही, तर पाठवलेली रक्कम काही दिवसांनी परत फिरते. पॅनवरचे स्पेलिंग प्रमाण धरावे, अर्ज देऊन बँकेतील नाव त्याप्रमाणे करून घ्यावे आणि मगच साइटवर तेच नाव टाकावे. उलट्या क्रमाने गेल्यास प्रत्येक ठिकाणी पुन्हा खुलासा करीत बसावे लागते.

IFSC हा अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य, उरलेली सहा शाखेची. पाचव्या जागी इंग्रजी ओ टाकला की रकाना लाल होतो. जुन्या पासबुकावरून तो उतरवू नये. देना बँक २०१९ साली बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली आणि तिचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद आहेत, परंतु पासबुके अजून कपाटात आहेत. परदेशी पैशासाठी SWIFT कोड मागितला तर तो वेगळा, आठ किंवा अकरा अक्षरांचा. तो शाखेत विचारूनच लिहावा.

आमची सूचना कापड बाजारातील संघटनांना आहे. W-8BEN चा एक नमुना उर्दू आणि मराठीत, रकान्यासमोर अर्थ लिहून, संघटनेच्या कचेरीत लावावा आणि आठवड्यातून एक दिवस इंग्रजी जाणणाऱ्या माणसाने तेथे बसावे. त्याने फॉर्म भरून देऊ नये, वाचून अर्थ सांगावा. भरणे आणि सही मुलानेच करावी. हे काम एकदा करून भागणारे नाही, कारण फॉर्म सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस संपतो. २०२५ च्या जूनमध्ये ज्याने सही केली, त्याचा फॉर्म ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत चालेल.