पन्नास माणसांचं लग्न आणि एक पत्र

लग्नपत्रिका लिहायला फार डोकं लागत नाही. 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे' ही ओळ छापखान्यात तयारच असते. पण 'आम्ही तुम्हाला बोलावत नाही आहोत' हे सांगणाऱ्या पत्राचा नमुना कुठेच मिळत नाही. 2020 मध्ये लग्नाला पन्नासच माणसं असा सरकारी नियम होता, तेव्हा अशा पत्राची गरजही पडली नाही. दोष सरकारवर टाकून सगळे मोकळे झाले. आता कोणी आपल्या खुशीने पन्नास माणसांत लग्न करायचं म्हटलं, तर मात्र ते नातेवाइकांना नीट सांगावं लागतं.

आपल्याकडे बहुतेक घरं हे सांगणं टाळतात, नाहीतर 'हॉल लहान मिळाला हो' म्हणून वेळ मारून नेतात. दोन्ही चूक आहे असं माझं मत आहे. माणूस दुखावतो तो बोलावलं नाही एवढ्यानेच नव्हे. ही बातमी तिसऱ्याच माणसाकडून कळली आणि आपल्याच बरोबरीच्या कोणाला तरी गुपचूप बोलावलं होतं हे समजलं, की तो जास्त दुखावतो. हॉलचं कारण तर टिकतच नाही. बेळगावात कुठला हॉल केवढा आहे हे खानापूरच्या काकांनाही ठाऊक असतं.

आमच्या नात्यातल्या एका घरचं उदाहरण सांगते. दोन्हीकडची मिळून पन्नास माणसं, म्हणजे मुलीकडची पंचवीस. मुलगी धरून घरची पाच. वडिलांची तीन आणि आईची चार भावंडं, त्यांचे जोडीदार धरून चौदा. झाली एकोणीस. मुलीच्या मैत्रिणी पाच. एक जागा उरली. आता एका मामेभावाला बोलावलं असतं तर बाकीच्या सोळा आते-मामे-चुलत-मावस भावंडांना काय सांगणार? म्हणून रेघ 'आईवडिलांची सख्खी भावंडं' इथेच ओढली. उरलेली जागा वडिलांच्या एका चुलत आत्याला दिली, कारण गावाहून शाळेसाठी आल्यावर वडील सहा वर्षं तिच्याच घरी राहिले होते. नियमाप्रमाणे ती बाहेर राहत होती, पण तिला वगळणं कोणालाच पटेना. हा अपवाद लपवायचा नाही असंही तेव्हाच ठरलं. लपवून उपयोगही नव्हता, कारण फोटोत ती दिसणारच होती.

मग भावकीतल्या काका-काकूंना मुलीच्या वडिलांनी पत्र लिहिलं. मुलीची परवानगी घेऊन ते इथे देते :

"तीर्थस्वरूप काका व काकूंना सा. न. वि. वि.

आपल्या मुलीचं लग्न ठरलं, हे बाहेरून कळण्याआधी आम्ही स्वतः कळवावं म्हणून हे पत्र. लग्न 12 डिसेंबरला बेळगावातच आहे. ते दोन्हीकडच्या मिळून पन्नास माणसांत करावं अशी मुलांची इच्छा होती आणि ती आम्हा दोघांनाही पटली. आमच्याकडून फक्त आमची सख्खी भावंडं आणि त्यांचे जोडीदार येतील. भाचरं-पुतणी आणि चुलत घरं यांतल्या कोणालाही बोलावलेलं नाही. अपवाद एकच, ज्यांच्या घरी राहून मी शिकलो त्या आत्या.

तुमच्याकडच्या दोन्ही लग्नांत आम्ही घरचे म्हणून वावरलो, पंगतीत वाढलं, हे आम्ही विसरलेलो नाही. त्यामुळे हे लिहिताना जड जातं आहे. तुम्हाला वाईट वाटलं तर मला हक्काने बोला. निर्णय आमचा आहे, मुलांना बोल लावू नका.

लग्नानंतरच्या दुसऱ्या रविवारी दोघांना घेऊन आम्ही गावी येतो. आधी देवाला आणि मग तुमच्या पाया पडायला. आहेर मात्र काही करू नका, ही विनंती."

या पत्रात काय साधलंय ते बघा. सही वडिलांची आहे. काका-काकूंना नवऱ्या मुलीने लिहिलं असतं तर 'पोरगी आम्हाला शिकवते' असं झालं असतं. मान वडीलधाऱ्यांनी वडीलधाऱ्यांना द्यायचा असतो. दुसरं म्हणजे रेघ कुठे ओढली हे साफ लिहिलंय. ते वाचल्यावर काका मनात मोजतात आणि त्यांना कळतं की आपल्याला एकट्याला वगळलेलं नाही, आपल्या पायरीवरचं कोणीच नाही.

सगळ्यात महत्त्वाची आहेत ती पंगतीची वाक्यं. आपल्याकडे आहेराची वही असते. कोणाकडून काय आलं, कोणाला काय गेलं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ज्यांच्या घरच्या लग्नात आपण जेवून आलो, त्यांना आपल्या लग्नाला बोलावणं ही एक प्रकारची परतफेड असते. ती आपण करत नाही आहोत, तर निदान ती बाकी आहे हे कबूल करावं. 'समजून घ्याल अशी आशा आहे' या वाक्याने ते होत नाही. उलट समजून घेण्याचं ओझं समोरच्यावरच पडतं. आहेर नको म्हणण्याचं कारणही हेच. जेवायला बोलवायचं नाही आणि पाकीट मात्र घ्यायचं, हे शोभत नाही.

आणि गावी यायचा दिवस ठरवून लिहिलाय. 'नंतर एकदा सगळे भेटू' असं लिहिलं तर ते कधीच होत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं आणि त्यांनाही. दिवस पाळता येणार नसेल तर ते वाक्य लिहूच नये.

असं पत्र घरच्या वॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. तिथे एकाने फुरंगटून काही लिहिलं की बाकीचे त्याला धरून बोलतात. प्रत्येक घराला वेगळं पत्र हवं, कारण पंगतीची आठवण प्रत्येक घराची वेगळी असते. पत्रिका छापायला जायच्या आधी ती सगळी पत्रं पोचायला हवीत.

यानेही सगळं निभावतं असं नाही. वरच्या घरी पत्र गेलं त्या रात्रीच काकांचा फोन आला. दहा मिनिटं रागावले आणि शेवटी 'रविवारी किती जण येताय?' असं विचारलं. तिथे काळजी नव्हती. दुसऱ्या एका घरातून फक्त 'ठीक आहे' असा मेसेज आला. जो रागावतो तो अजून आपल्याला आपलं मानतो. 'ठीक आहे' म्हणणाऱ्याच्या घरी मात्र जाऊन यावं लागतं. मुलीचे आईवडील त्या घरी लग्नाआधीच जाऊन आले, चहा घेतला, विषय निघाला तेव्हा निमूट ऐकून घेतलं. तिथली काकू अजून थोडं तुटक बोलते. पण रविवारी ओटी तिनेच भरली.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप करण्यापेक्षा पाचशे माणसांना बोलावलेलं काय वाईट? ज्यांना तसं लग्न हवंय त्यांनी जरूर करावं. पण ज्यांना नको आहे त्यांनी केवळ पत्र लिहायच्या भीतीपोटी कर्ज काढून मांडव घालू नये. तसं लग्न कमी माणसांत करून गप्प बसणंही बरं नाही. पन्नासच माणसं बोलवायची असतील, तर उरलेल्या प्रत्येक घरासाठी एक कागद आणि एक संध्याकाळ काढायची तयारी हवी.