एका वेळी एकच बदल

कृष्णधवल छायाचित्राचा ठसा कागदावर जवळजवळ साधला आहे. चेहरा योग्य उजळला आहे, परंतु लुगड्याच्या चुण्या काळ्या न होता करड्याच राहिल्या आहेत. प्रकाश देण्याचा अवधी वाढवावा, तर चेहराही काळवंडतो. म्हणून १२ सेकंदांचा अवधी, डेव्हलपरचे २० अंश तापमान व त्यातील वेळ तशीच ठेवून केवळ फिल्टर बदलावा : २ ऐवजी अडीच, मग ३. चुण्या गडद होतात. चेहरा फारसा हलत नाही. प्रत्येक कागदाच्या पाठीवर हे आकडे आधीच पेन्सिलीने लिहावेत. इल्फर्ड मल्टिग्रेडच्या ४ व ५ क्रमांकांना मात्र दुप्पट अवधी लागतो, हेही नोंदवावे. निर्णय ठसा सुकल्यावरच घ्यावा, कारण सुकताना तो किंचित गडद होतो.