‘डेटा न जाता अनलॉक’ ही थाप आहे

लेस्टरला मुलाकडे राहायला आलेल्या आईचा आयफोन चुकीच्या पासकोडने बंद झाला, की आपल्या मंडळींत दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘आठवून आठवून टाकत राहा.’ दुसरा, ‘कोपऱ्यावरच्या दुकानात ने, डेटा न जाता उघडून देतात.’ पहिल्याने नुकसान होतं. दुसरी थाप आहे.

सुरुवातीच्या काही चुका फुकट असतात. मग फोन 1 मिनिट थांबवतो, पुढे 5, मग 15, मग तासभर. नव्या आवृत्त्यांत त्यापुढे 3 आणि 8 तास. दहाव्या चुकीनंतर वाट पाहण्याचीही सोय उरत नाही. फोन बंद करून चालू केला, तर चालू मुदत पहिल्यापासून मोजली जाते.

हा छळ वाटतो, पण गणित करून पाहा. सहा आकडी पासकोड दहा लाख प्रकारचे असतात. एक पडताळायला चिपला सुमारे 80 मिलिसेकंद लागतात. थांबवणं नसतं, तर सगळे पासकोड 22 तासांत तपासून झाले असते. शिवाय डेटाची किल्ली पासकोड आणि त्याच फोनच्या चिपमधला गुप्त आकडा मिळून बनते. म्हणून मेमरी काढून दुसरीकडे जोडली तरी हाती काही लागत नाही. दुकानदार उघडून देतो तो बहुतेकदा पुसलेला, कोरा फोन.

पूर्वी पडद्यावर ‘iPhone is disabled, connect to iTunes’ असं यायचं. जोडलं की सगळं परत मिळेल, असा भास त्यातून व्हायचा. ‘रिकव्हरी’ म्हणजे खरं तर आधी फोन पुसणं, मग ॲपल खात्याचा पासवर्ड देणं आणि शेवटी बॅकअप असेल तर तो उतरवणं. बॅकअप मार्चचा असेल, तर एप्रिलपासूनचे फक्त फोनमध्येच असलेले फोटो गेले. अपवाद एकच : आयओएस 17 पासून, पासकोड बदलून 72 तास झाले नसतील, तर ‘Forgot Passcode?’ मधून जुना पासकोड चालतो.

आपल्या घरांत गाडी बहुधा पासवर्डाच्या पायरीवर अडते. खात्याचा पडताळणी कोड जातो आईच्या भारतातल्या नंबरवर. ते सिम त्याच बंद फोनमध्ये असतं, किंवा रिचार्ज संपून निकामी झालेलं असतं. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला. रोमिंग चालू असेल तर कोड येतो. नाहीतर खातं परत मिळवण्याचा अर्ज करून कित्येक दिवस थांबावं लागतं, आणि ती मुदत पैसे देऊन कमी होत नाही.

तेव्हा आई विमानतळावरून घरी आल्यावर तिच्या खात्यात आपला इथला नंबर विश्वासू नंबर म्हणून घाला आणि शेवटच्या बॅकअपची तारीख पाहा. दहा चुकांनंतर दुकानात पैसे मोजून हे विकत मिळत नाही.