लेबलवर दंडघेरही छापा



तयार कपड्यांच्या जाहिरातींत हल्ली ‘सर्व मापांत उपलब्ध’ असे ठळक छापलेले असते. माझ्या छातीचे माप 44 इंच आहे, आणि या दाव्यातली मेख मला चांगलीच ठाऊक आहे.

44 लिहिलेले दोन सुती कुर्ते घ्या. एक नीट बसेल, दुसरा काखेतच अडकेल. कारण एका कंपनीने 44 हे अंगाचे माप धरून कुर्ता 47-48 इंचांचा शिवलेला असतो. दुसरीने तयार कुर्त्याचेच माप छापलेले असते. न ताणणाऱ्या कापडात हात वर करायचा तर तीन-चार इंच सैलपणा लागतोच. मापे दोन-दोन इंचांनी वाढतात, म्हणजे आकडा तोच असूनही फरक जवळजवळ दोन मापांचा. ‘फ्री साइज’बद्दल तर न बोललेलेच बरे.

दुसरे दुखणे बाहीचे. नमुना बहुधा मध्यम मापाचा बेततात आणि मोठी मापे त्यातच ठरावीक इंच वाढवून काढतात. पण अंग भरले म्हणून खांद्याचे हाड रुंद होत नाही. दंड मात्र भरतो. त्यामुळे कुर्त्याचा खांदा खाली ओघळतो आणि बाही दंडाला आवळते. शिंप्याकडे न्यावे, तर उसवून सोडायला शिवणीत माया नसते, ती ओव्हरलॉकमध्ये कापून गेलेली असते.

आणि मग दुकानातला पोऱ्या माळ्यावर ओरडतो, “मॅडमसाठी मोठ्यातलं काय आहे बघ रे!” वरून येतात काळा, नेव्ही ब्लू आणि मरून. आंबा कलर लहान मापांतच संपलेला. मोठ्या मापाला कापड जास्त लागते, त्याचे पैसे घ्या, माझी तक्रार नाही. पण चारचौघांत माझ्या अंगाचा पुकारा कशासाठी?

वजनमापांच्या नियमांत 2022 साली झालेल्या दुरुस्तीनुसार सुट्या विकल्या जाणाऱ्या कपड्यांवर एस, एम, एलसोबत सेंटिमीटरमधले मापही हवे. पण ‘112 सेंमी’ हे माझे की कुर्त्याचे? ‘निफ्ट’ने भारतीय बांध्यांसाठी मुंबईसह सहा शहरांत मापे घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. तो चांगलाच आहे. पण लेबलवर दोन ओळी वाढवायला कोणत्याही पाहणीची गरज नाही: तयार कपड्याची छाती आणि दंडघेर, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. ऑनलाइन तक्त्यातही हेच द्यावे.

तोवर दुकानदारांनी निदान एक टेप काउंटरवर ठेवावी. कुर्ता सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजला आणि ते माप दुप्पट केले, की छाती कळते. बाहीही तशीच मोजता येते. ते गिऱ्हाईकच करून घेईल. ओरडायची गरज नाही.

– एक वाचक, नाशिक