आधी गालिच्याची पाठ विचारा

एका विक्रेत्याने ग्राहकाचं एक पत्र आमच्याकडे पाठवलं आहे. लोकरीच्या गालिच्यावर आदल्या रात्री दुधाचा चहा सांडला. मधली जमीन मोतिया, काठ लाल. बाईंनी टॉवेलने चहा टिपून घेतला, घासलं नाही. आता कपडे धुण्याची पावडर लावू का, असं त्या विचारतात. विक्रेत्याने कळवलं, ‘ड्रायक्लीनला द्या.’

हे उत्तर आम्हाला पटत नाही. चहातला रंग आणि साखर पाण्यात सुटतात, ड्रायक्लीनच्या द्रावणात नीट सुटत नाहीत. शिवाय गालिचा टफ्टेड असेल, तर त्याच द्रावणाने पाठीचं लेटेक्स मऊ पडून कापड सुटू शकतं. म्हणून आधी फोन करून पाठ कशी आहे ते विचारायला हवं होतं. मागे गाठी आणि नक्षी दिसते, की कापड चिकटवलेलं आहे? कापड असेल तर पाणी अगदी बेताचं वापरायचं.

पावडरीला मात्र स्पष्ट नकार द्या. ती अल्कधर्मी असते. तिने चहाचा डाग आणखी तपकिरी होतो आणि लोकर खरखरीत होते. डाग काढणाऱ्या पावडरींत बहुधा प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, आणि लोकर हे प्रथिनच आहे. ब्लीचने तर लोकर विरघळते.

बाईंना सांगायचं ते असं. ओला पांढरा रुमाल लाल काठावर मिनिटभर दाबून पाहा. रुमालाला रंग लागला तर तिथेच थांबा. नाही लागला, तर गार पाण्यात लोकरीसाठीच्या सौम्य लिक्विडचे काही थेंब घाला, रुमाल भिजवून घट्ट पिळा आणि डागाच्या कडेपासून मध्याकडे टिपत जा. गरम पाणी नको, त्याने दुधातलं प्रथिन धाग्यावर बसतं. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी घेऊन तसंच टिपा. चहाचा रंग त्याने हलतो, साबणाचा अंशही मारला जातो. शेवटी साध्या पाण्याने टिपून, कोरड्या टॉवेलने दाबून, गालिचा खालून उचलून पंख्याखाली वाळवा.

वाळवण्यावर आपण फार कमी बोलतो. लोकर वरून कोरडी लागते तेव्हाही आतला सुती ताणा ओला असतो. तो सावकाश वाळला की त्यातला तपकिरीपणा धाग्याच्या टोकाशी चढतो आणि ग्राहकाला वाटतं, डाग परत आला. काही आठवड्यांनी तीच जागा काळपट दिसू लागली, तर कारण वेगळं: साखर किंवा साबण आत राहिला आणि त्याने धूळ धरली. तेव्हा साबण नको, फक्त साधं पाणी.

दोनदा टिपूनही फिकट पिवळी छटा उरली, तर घरचे उपाय थांबवून लोकर धुणाऱ्या जाणकाराकडे गालिचा द्यायला सांगा. काय सांडलं, कधी सांडलं आणि त्यावर काय काय लावलं, हे त्याला लिहून द्यावं.