शिल्लक कळते एका मिस्ड कॉलवर

पेन्शन जमा झाली का, एवढेच पाहायला मोवाडच्या एक खाला बसने नरखेडला जात. खाते स्टेट बँकेत, मोबाईल साधा, बटणांचा. आम्ही चौकशी केली, तर खात्याला मुलाचा नंबर जोडलेला निघाला. आधी शाखेत अर्ज देऊन खालांचा नंबर लावून घेतला. मग त्यांच्याच फोनवरून 09223488888 वर मेसेज पाठवला. REG, मग एक जागा सोडून खाते क्रमांक, असा:

```
REG 12345678901
```

नोंदणी झाल्याचे उत्तर आले. आता खाला 09223766666 वर फोन लावतात. तो आपोआप कटतो आणि शिल्लक मेसेजने येते. इतर बँकांचे नंबर वेगळे आहेत. ते शाखेतूनच घ्यावेत.

पैसे पाठवायचे तर *99# लावतात. त्यालाही इंटरनेट लागत नाही, पण आधी एटीएम कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदत टाकून यूपीआय पिन बनवावा लागतो. एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतच जातात. खालांकडे कार्ड नाही, म्हणून त्यांचे काम मिस्ड कॉलवरच भागते. त्याला पिन लागत नाही. तेव्हा शिल्लक सांगतो म्हणून कोणी फोनवर पिन विचारला, तर तो ठगच समजावा.